सिझेरियनचं प्रमाण नेमकं कुठे कमी होऊ शकतं? रॉब्सनच्या दहा गटांनी प्रसूतिगृहाचं ऑडिट

महिनाअखेरच्या बैठकीत प्रश्न ठरलेला असतो: "सिझेरियन ४० टक्के कसे?" उत्तरही ठरलेलं असतं: "सर, आमच्याकडे रेफर केसेस जास्त येतात." दोन्ही बाजू खऱ्या असू शकतात. पण ४० हा एकच आकडा समोर ठेवून कोणाचं बरोबर आहे हे सांगता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशाचा सिझेरियन दर २१.५ टक्के, महाराष्ट्राचा २५.४ आणि गोव्याचा ३९.५ टक्के होता. हे आकडे परिस्थिती सांगतात. उद्या सकाळी लेबर रूममध्ये काय बदलायचं, हे त्यातून कळत नाही.

त्यासाठी डब्लिनच्या नॅशनल मॅटर्निटी हॉस्पिटलमधले डॉ. मायकेल रॉब्सन यांनी २००१ मध्ये मांडलेली दहा गटांची पद्धत वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये तिची शिफारस केली आणि २०१७ मध्ये ती राबवण्याची पुस्तिका काढली. तिचं बळ एका साध्या गोष्टीत आहे. ती सिझेरियन का केलं हे विचारत नाही, बाळंत झालेली बाई कोण होती एवढंच विचारते. 'फीटल डिस्ट्रेस' किंवा 'सीपीडी' ही कारणं लिहिणाऱ्यागणिक बदलतात. पहिलं बाळंतपण होतं की दुसरं, बाळ डोक्याकडून होतं की पायाळू, यात मतभेदाला जागा नसते. शिवाय नॉर्मल झालेल्या बायकाही याच गटांत बसतात, त्यामुळे भागाकाराचा खालचा आकडाही हातात येतो.

आधी दहा गट

पहिल्या चार गटांत एकच बाळ, डोकं खाली, ३७ आठवडे पूर्ण आणि आधी सिझेरियन नाही, अशा बायका येतात.

गट १: पहिलटकरीण, कळा आपोआप सुरू.
गट २: पहिलटकरीण, कळा आणवल्या (२अ) किंवा कळांआधीच सिझेरियन (२ब).
गट ३: आधी बाळंत झालेली, कळा आपोआप सुरू.
गट ४: आधी बाळंत झालेली, कळा आणवल्या (४अ) किंवा कळांआधीच सिझेरियन (४ब).

गट ५: आधी किमान एक सिझेरियन, एकच बाळ, डोकं खाली, ३७ आठवडे पूर्ण. कळा कशा सुरू झाल्या ते इथे बघत नाहीत. एक सिझेरियन झालेल्या ५.१ मध्ये आणि दोन किंवा जास्त झालेल्या ५.२ मध्ये घ्याव्यात.

गट ६: पहिलटकरीण, पायाळू बाळ.
गट ७: आधी बाळंत झालेली, पायाळू बाळ.
गट ८: जुळी किंवा तिळी.
गट ९: आडवं किंवा तिरकं बाळ.
गट १०: एकच बाळ, डोकं खाली, पण ३७ आठवड्यांच्या आत.

७ ते १० या गटांत आधी सिझेरियन झालेल्या बायकाही धरायच्या. प्रत्येक बाई एकाच गटात बसते आणि एकही बाहेर राहत नाही.

पायरी १: सहा गोष्टी, प्रत्येक बाळंतपणाच्या नोंदीत

आधीची बाळंतपणं किती, आधीची सिझेरियन किती, बाळं किती, बाळ कसं होतं, पूर्ण आठवडे किती आणि कळा कशा सुरू झाल्या, एवढ्याच सहा गोष्टी लागतात. प्रसूती कशी झाली हा सातवा रकाना. यासाठी वेगळा फॉर्म छापू नये. लेबर रूमच्या रजिस्टरमध्येच रकाने वाढवावेत आणि बाळंतपणानंतर ड्युटीवरच्या सिस्टरनेच ते भरावेत. महिन्याच्या शेवटी केसपेपर उपसून माहिती काढली की निम्मे आठवडे आणि जवळजवळ सगळ्या 'कळा कशा सुरू झाल्या' गायब असतात.

यात मोजायच्या सगळ्या बायका म्हणजे २२ आठवड्यांनंतर किंवा ५०० ग्रॅम वजनापुढे झालेली सगळी बाळंतपणं, बाळ जिवंत असो वा मृत. मोजणी बायकांची, बाळांची नव्हे. जुळ्यांतलं एक खालून आणि दुसरं पोटातून झालं, तर ते एक सिझेरियन.

चुका नेमक्या कुठे होतात हे एका केसपेपरवरून बघू. उदाहरण रचलेलं आहे, पण लेबर रूममध्ये काम करणाऱ्याला ते रोजचं वाटेल.

जी२ पी० ए१. ३९ आठवडे २ दिवस. पहाटे पाचला दाखल, कळा नियमित, पिशवीचं तोंड ४ सेंटिमीटर, बाळाचं डोकं खाली. नऊला पाणमोट फोडली आणि ऑक्सिटोसिन लावलं. दुपारी दीडला तोंड ४ ते ५ सेंटिमीटर, 'प्रगती नाही' म्हणून सिझेरियन.

एक सिस्टर 'जी२' बघून तिला मल्टी लिहील आणि ती गट ३ मध्ये जाईल. दुसरी मल्टी लिहून वर ऑक्सिटोसिन दिसलं म्हणून 'इंडक्शन' लिहील, मग गट ४. तिसरी पहिलटकरीण बरोबर धरेल पण इंडक्शन लिहील, मग गट २. खरं उत्तर गट १ आहे. आधीचा गर्भपात बाळंतपणात धरत नाहीत, म्हणून ती पहिलटकरीणच. कळा घेऊनच ती आली होती. नंतरचं ऑक्सिटोसिन कळा वाढवण्यासाठी होतं, आणण्यासाठी नव्हतं.

म्हणून एक वाक्य भिंतीवर लावावं: पहिली कळ औषधाआधी आली की औषधानंतर? पाणी गेलंय पण कळा नाहीत आणि मग ऑक्सिटोसिन लावलं, तर ते कळा आणणं, म्हणजे गट २ किंवा ४. अधूनमधून कळा, तोंड १–२ सेंटिमीटर, अशा बाईला औषध दिलं तर काय धरायचं, यावर प्रत्येक युनिटमध्ये वाद होतो. कळा सुरू झाल्या असं कधी म्हणायचं, हे सगळ्या डॉक्टरांनी एकदा बसून लेखी ठरवावं आणि वर्षभर बदलू नये.

आणखी दोन बारकावे. फायब्रॉइड काढल्याचा व्रण 'आधीचं सिझेरियन' या रकान्यात धरत नाहीत. आणि आठवडे पुढे ढकलायचे नाहीत: ३६ आठवडे ६ दिवस म्हणजे ३६. पाळीची तारीख आठवत नसेल तर पहिल्या तिमाहीची सोनोग्राफी धरावी. काही ठिकाणी अडीच किलो वजनावरून दिवस भरल्याचा अंदाज करतात. आपल्याकडे दिवस भरूनही कमी वजनाची बाळं बरीच असतात, त्यामुळे त्या वाटेने गट १० विनाकारण फुगतो.

पायरी २: वर्गीकरण माणसाने नव्हे, एक्सेलने करावं

सिस्टरला गट क्रमांक विचारू नये, सहा तथ्यं विचारावीत. गट सूत्राने काढावा. रकाने असे: A आधीची बाळंतपणं, B आधीची सिझेरियन, C बाळांची संख्या, D बाळाची स्थिती (`C` डोकं, `B` पायाळू, `T` आडवं), E पूर्ण आठवडे, F कळा (`S` आपोआप, `I` आणलेल्या, `P` कळांआधी सिझेरियन), G प्रसूती (`CS` किंवा `VD`). मग H मध्ये:

```
=IF(COUNTA(A2:F2)<6,"X",IF(C2>1,8,IF(D2="T",9,IF(D2="B",IF(A2=0,6,7),IF(E2<37,10,IF(B2>0,5,IF(A2=0,IF(F2="S",1,2),IF(F2="S",3,4))))))))
```

सूत्राचा क्रम मुद्दाम तसा आहे. जुळी आधी बाजूला काढली, मग आडवी, मग पायाळू, मग दिवस न भरलेली, मग आधीचं सिझेरियन. उरलेल्या बायका आपोआप पहिल्या चार गटांत वाटल्या जातात. सुरुवातीचा `COUNTA` काढू नका. तो नसेल तर आठवड्यांची रिकामी चौकट एक्सेल शून्य धरतं आणि ती बाई गुपचूप गट १० मध्ये जाऊन बसते. कळांची रिकामी चौकट गट २ किंवा ४ मध्ये जाते. `X` आलेल्या बायका किती, ते तक्त्याच्या तळाशी लिहायचंच. त्यांची संख्या डोळ्यांत भरत असेल तर पुढचं विश्लेषण थांबवून केसपेपर शोधा.

मोजणीसाठी एवढं पुरतं:

```
=COUNTIF(H:H,1)
=COUNTIFS(H:H,1,G:G,"CS")
=COUNTIFS(H:H,2,F:F,"P")
```

पहिल्याने गटातल्या बायका, दुसऱ्याने त्यातली सिझेरियन आणि तिसऱ्याने २ब मिळतो.

पायरी ३: तक्ता

समजा एका रुग्णालयात वर्षात १००० बायका बाळंत झाल्या आणि ४०० सिझेरियन झाली. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत.

| गट | बायका | सिझेरियन | गटातला दर (%) | एकूण सिझेरियनमधला वाटा (%) |
|---|---|---|---|---|
| १ | २१० | ४२ | २० | ११ |
| २ | १७० | ८५ | ५० | २१ |
| ३ | २३० | ९ | ४ | २ |
| ४ | ८० | २० | २५ | ५ |
| ५ | १९० | १७१ | ९० | ४३ |
| ६ | २२ | २१ | ९५ | ५ |
| ७ | १४ | १२ | ८६ | ३ |
| ८ | १६ | ११ | ६९ | ३ |
| ९ | ५ | ५ | १०० | १ |
| १० | ६३ | २४ | ३८ | ६ |

शेवटचे दोन रकाने वेगवेगळे प्रश्न सोडवतात आणि त्यांची सरमिसळ फार होते. गट ६ चा दर ९५ टक्के बघून बैठकीत पायाळू बाळांवर अर्धा तास चर्चा रंगते. पण पायाळू बाळांची सगळी सिझेरियन धरली तरी ती ४०० पैकी ३३ आहेत. गट १ चा दर २० टक्के दिसायला सौम्य, तरी तिथे एकट्याची ४२ आहेत. दर आणि वाटा दोन्ही जास्त असतील तिथेच वेळ घालवावा.

पायरी ४: आकडे खरे आहेत का

अर्थ लावण्याआधी तक्त्याची तपासणी. रजिस्टरमधली सिझेरियन ओटी रजिस्टरशी जुळली पाहिजेत. मग गट ९ बघा. आडवी बाळं एक टक्क्यापेक्षा कमी असतात आणि त्यांचं सिझेरियन १०० टक्के असतं. इथे ती ५ आहेत, दर १००, ठीक. गट ९ तीन टक्के निघाला किंवा त्यात नॉर्मल प्रसूती दिसल्या, तर बहुधा कोणीतरी पायाळू बाळाला आडवं लिहिलेलं असतं.

पायाळू, म्हणजे गट ६ आणि ७ मिळून, ३ ते ४ टक्के अपेक्षित, इथे ३.६. जुळी दीड ते दोन टक्के, इथे १.६. गट १ आणि २ मिळून ३५ ते ४२ टक्के, इथे ३८. गट १० बऱ्याच ठिकाणी पाच टक्क्यांच्या आत असतो, इथे ६.३ आहे. एसएनसीयू असलेल्या रुग्णालयात आजूबाजूहून दिवस न भरलेल्या बायका पाठवल्या जात असतील तर हे पटण्यासारखं आहे. तसं नसेल तर आठवड्यांची नोंद तपासावी. 'आमच्याकडे रेफर केसेस जास्त' हे म्हणणं खरं की खोटं, तेही इथेच कळतं. जोखमीच्या बायका खरोखर जास्त येत असतील तर ८ आणि १० हे गट मोठे दिसायला हवेत.

पायरी ५: कुठे कमी होऊ शकतं

आता मुख्य काम. ४०० पैकी २९८ सिझेरियन, म्हणजे जवळजवळ पाऊण भाग, गट १, २ आणि ५ मध्ये आहे. बहुतेक ठिकाणी हे तीन गट मिळून दोन तृतीयांशच्या आसपास असतात. म्हणजे चित्र नेहमीचंच, जरा जास्त गडद.

मी गट ५ पासून सुरुवात करत नाही, जरी सर्वांत मोठा वाटा त्याचा असला तरी. आधी गट १ आणि २ चं एकमेकांशी प्रमाण बघते. आपोआप कळा आलेल्या पहिलटकरणी दुसऱ्या गटाच्या निदान दुप्पट असाव्यात. इथे २१० ला १७० आहेत, म्हणजे सव्वा पटही नाही. पहिलटकरणींपैकी फार जणींमध्ये कळांची वाट न बघता काहीतरी केलं जातंय.

गट २ फोडून बघू. २अ मध्ये १२५ बायकांच्या कळा आणल्या, त्यातल्या ४० जणींचं सिझेरियन झालं, म्हणजे ३२ टक्के. हे वावगं नाही, कारण संपूर्ण गट २ चा दर साधारण २० ते ३५ टक्के असतो. पण २ब मध्ये ४५ जणी आहेत: पहिलटकरीण, दिवस भरलेले, डोकं खाली, आणि एकही कळ न येता थेट सिझेरियन. गट २ चा दर ५० वर नेणाऱ्या याच ४५ जणी आहेत. वरवर बघणारा 'इंडक्शन फसतंय' म्हणाला असता आणि औषधाचा डोस बदलत बसला असता. कळा आणणं हा मुळात गुन्हेगार नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत कमी जोखमीच्या पहिलटकरणींच्या कळा ३९व्या आठवड्यात आणल्यावर सिझेरियन २२.२ वरून १८.६ टक्क्यांवर आलं होतं.

या ४५ केसपेपरांवर कारणं काय लिहिली आहेत ते आता वाचायचं. रॉब्सनच्या गटात कारणं नसतात, म्हणून कारणांची यादी गट पाडल्यानंतर आणि गटाच्या आत करायची. वार पिशवीच्या तोंडावर असेल तर प्रश्नच नाही. पण 'डोकं वरच आहे', 'सोनोग्राफीत मानेभोवती नाळ', 'पाणी थोडं कमी', 'नातेवाईकांची विनंती' अशा ओळी दिसल्या, तर त्या प्रत्येकीला दुसऱ्या वरिष्ठाची सही लागेल असा नियम करता येतो. २ब मधल्या २५ जणींना कळांची संधी मिळाली आणि त्यातल्या तिसऱ्या हिश्शाचं पुढे सिझेरियन झालं, तरी १६–१७ वाचतात.

गट १ मध्ये दर दहा टक्क्यांच्या आत ठेवता येतो. इथे २० आहे. या ४२ केसपेपरांवर एकच गोष्ट शोधा: निर्णय घेतला तेव्हा पिशवीचं तोंड किती सेंटिमीटर होतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनात कळांचा सक्रिय टप्पा ५ सेंटिमीटरपासून धरला आहे, आणि तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडत नाही एवढ्याच कारणावरून हस्तक्षेप करू नये असं म्हटलं आहे. 'प्रगती नाही' म्हणून झालेली निम्मी सिझेरियन ५ सेंटिमीटरच्या आत झाली असतील, तर ती टप्पा सुरू होण्याआधीच थांबवलेली बाळंतपणं आहेत. वरच्या केसपेपरमधली बाई त्यातलीच. बाईला फार लवकर दाखल करून घेतलं की हे घडतं: रात्र जाते, नातेवाईक अस्वस्थ होतात, डॉक्टरवर दबाव येतो. म्हणून इथला उपाय दाखल करण्याच्या नियमात आणि लेबर केअर गाइड भरण्यात आहे. '४ सेंटिमीटर, सीपीडी' असं लिहिलेलं दिसलं तर त्यावर जरूर बोला, कारण डोकं मावत नाही हे पुरेशा कळा मिळाल्याशिवाय ठरत नाही.

आता गट ५. ५० ते ६० टक्के दर योग्य मानतात, तोही आई आणि बाळ सुखरूप असतील तर. इथे ९० आहे. ५.२ मधल्या ४० जणी बाजूला ठेवा. ५.१ मध्ये १५० जणी, त्यातल्या १९ नॉर्मल झाल्या. एका सिझेरियननंतर कळांची संधी घेतलेल्या बायकांपैकी ६० ते ८० टक्के खालून बाळंत होतात, आणि पिशवी फाटण्याचा धोका साधारण २०० मध्ये एक असतो. तो एक प्रसंग रात्री दोनला आला तर भूलतज्ज्ञ, ओटी आणि रक्त मिळणार का, यावर सगळं ठरतं. उत्तर 'नाही' असेल तर गट ५ चा दर खाली आणायचं उद्दिष्ट ठेवू नये. तिथे तो ९० असणं हा सावध निर्णय आहे. सोय असेल तर आधीच्या सिझेरियनचे कागद, टाक्याची जात आणि मधलं अंतर बघून बायकांची निवड करावी, आणि ही चर्चा नवव्या महिन्यात नव्हे, पहिल्या तपासणीतच सुरू करावी.

गट ४ कडेही जाता जाता बघा. तिथे दर १५ च्या वर क्वचितच असावा. इथे २५ आहे. फोडल्यावर ८० पैकी १२ जणी ४ब मध्ये निघाल्या. आधी नॉर्मल बाळंत झालेल्या बाईचं कळांआधी सिझेरियन का, हे बारा केसपेपर वाचायला एक दुपार पुरते. गट ३ चा ४ टक्के दर ३ च्या जरा वर आहे, पण तो सध्या सोडून द्यावा.

पायरी ६: शेजारी परिणामांचे रकाने

याच तक्त्याला प्रत्येक गटापुढे मृतजन्म, पाच मिनिटांचा अपगार ७ पेक्षा कमी असलेली बाळं, एसएनसीयूत गेलेली बाळं आणि बाळंतपणानंतरचा जास्त रक्तस्राव हे रकाने जोडा. गट १ चं सिझेरियन २० वरून १२ वर आलं आणि त्याच गटातली एसएनसीयूतली भरती वाढली, तर ते यश मोजू नका. आधी ती बाळं एकेक करून तपासा. आणि तक्ता डॉक्टरवार लावू नका. एका डॉक्टरच्या वाट्याला गट ६ मध्ये वर्षाला तीन-चार बायका येतात, त्यावरून काढलेली टक्केवारी निरर्थक असते. वर माणसं नोंदी फिरवायला लागतात, आणि एकदा का इंडक्शनच्या जागी 'आपोआप' लिहिलं जाऊ लागलं की अख्खं ऑडिट गेलं.

महिन्याला ३०–४० बाळंतपणं होणाऱ्या छोट्या रुग्णालयाने मासिक तक्ता काढू नये. गट १ आणि २ एकत्र धरून तिमाही दर बघावा आणि पूर्ण दहा गट वर्षातून एकदा. आपल्या उदाहरणात हा एकत्र दर ३८० मध्ये १२७, म्हणजे ३३ टक्के आहे. पुढच्या वर्षी बघायचा आकडा हाच. गट ५ चा आकार दोन-तीन वर्षं हलणार नाही, कारण त्यातल्या बायकांचं पहिलं सिझेरियन आधीच होऊन गेलंय. यंदाच्या या १२७ जणींपैकी ज्या पुन्हा गरोदर राहतील, त्यांतल्या बहुतेक जणी पुढच्या तक्त्यात गट ५ मध्ये दिसतील.